माहितीपट लावण्याआधी मी काय बघतो: मुंबईच्या प्लेगचं उदाहरण

"आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा इतिहास किंवा विज्ञानावरचा माहितीपट लावतो. शाळकरी मुलं असतात, आजी-आजोबाही असतात. पहिल्या वेळी निम्मे लोक पेंगले. दुसऱ्या वेळी माहितीपट रंगला, पण इतका एकांगी निघाला की नंतर वादावादी झाली. लावण्याआधीच हे ओळखायचं कसं?"

मी पंचवीस वर्षं माहितीपटांचं संकलन करतोय. शिवाय दादरच्या एका वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माहितीपट लावायचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे पेंगणारेही पाहिलेत आणि भांडणारेही. तुम्हाला या दोन वेगळ्या तक्रारी वाटतायत, पण बहुतेक वेळा दुखणं एकच असतं. माहितीपट निष्कर्ष सांगतो आणि त्या निष्कर्षापर्यंत माणसं कशी पोचली ते गाळतो. संथ आवाजात गाळलं की झोप येते, चढ्या आवाजात गाळलं की भांडण होतं. म्हणून निवडताना मी वही घेऊन बसतो आणि प्रत्येक ठाम विधानाला एकच प्रश्न विचारतो: हे यांना कळलं कसं?

उदाहरणाशिवाय हे पटणार नाही, म्हणून आपल्याच शहराचा विषय घेतो. १८९६ चा प्लेग. यात इतिहासही आहे, विज्ञानही आहे, आणि एकांगी होण्याची सोय तर चारही बाजूंनी आहे. आमच्या वाचनालयात हा विषय लावायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे दोन माहितीपट आले होते. नावं सांगत नाही, कारण त्यातल्या एकाच्या संकलकाशी माझं रोजचं बोलणं आहे. एक पन्नास मिनिटांचा, दुसरा सव्वा तासाचा.

बसण्याआधी मी अर्धा तास विषय वाचला. एवढं कराच. तज्ज्ञ व्हायचं नाहीये, त्या विषयातली अडचणीची जागा कुठे आहे तेवढं हुडकायचं आहे. प्रत्येक विषयात अशी एक जागा असते, जिथे कथा नायकाच्या किंवा खलनायकाच्या साच्यात बसत नाही. प्लेगच्या बाबतीत अर्ध्या तासात मला जे हाती लागलं ते थोडक्यात असं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असं ओळखलं. (मेट्रो सिनेमासमोर पुतळा आहे तो त्यांचाच. तिथून रोज जाणाऱ्या शंभर जणांना विचारा, पाच जणांना सांगता येणार नाही.) वाल्देमार हाफकिन हा ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ त्याआधी भारतात पटकीच्या लशीवर काम करत होता. तो मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्यानं प्लेगची लस बनवली, आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला होता तेव्हा कैद्यांवर चाचणी झाली. तीनशेच्या वर कैदी होते, त्यातल्या साधारण निम्म्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला, सहा गेले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, दोघेही वाचले.

इथपर्यंत कथा सरळ आहे. अडचणीची जागा पुढे येते. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी ही लस टोचून घेतलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वातानं मेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. ठपका लस बनवणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर आला आणि त्याला बाजूला केलं गेलं. पुढे स्पष्ट होत गेलं की दूषण प्रयोगशाळेत नव्हे, गावात बाटली उघडताना झालं असावं. तिथे हाताळलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हाफकिनची जाहीर बाजू घेतली आणि तो दोषमुक्त झाला. परळच्या त्याच प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं.

एवढं हातात असलं की चाचणी सोपी होते. हाफकिनवरच्या माहितीपटात मुलकोवाल आहे का? नसेल तर ती आरती आहे. असेल, पण एकोणीस मृत्यूंवर थांबून संशयाचं संगीत वाजवत पुढे जात असेल, तर ते लशीविरुद्धचं प्रचारपत्रक आहे. बाटली, चिमटा, चौकशी, पाच वर्षांची बदनामी आणि मग सुटका, हे सगळं दाखवणाऱ्या माहितीपटावर मी बाकीच्या बाबतीतही थोडा जास्त विश्वास ठेवतो. माझ्या दोनपैकी पन्नास मिनिटांच्या माहितीपटात मुलकोवालचा उल्लेखच नव्हता. सव्वा तासाच्या माहितीपटात त्याला अकरा मिनिटं दिली होती. हॉलमध्ये खुर्चीही हलली नाही ती त्याच अकरा मिनिटांत, हे मात्र लावल्यावर कळलं.

आता बघायचं कसं. पहिली दहा मिनिटं सोडून द्या. ती प्रेक्षकाला धरून ठेवण्यासाठी कापलेली असतात, सगळे भारी शॉट तिथेच ओतलेले असतात. हे मी स्वतः करतो, म्हणून सांगतो. दहाव्या मिनिटापासून तिसाव्यापर्यंत बघा. वहीच्या पानावर मध्ये रेघ मारा. डावीकडे काय दिसलं, उजवीकडे काय सांगितलं. निवेदक म्हणतो, "शहरात हाहाकार उडाला", तर ते उजवीकडे. त्या वेळी पडद्यावर काय होतं? ढगांचा वेगानं पळणारा शॉट? तर डावी बाजू कोरी. वीस मिनिटांनंतर पान बघा. उजवी बाजू भरलेली आणि डावी रिकामी असेल, तर तो माहितीपट म्हणजे चित्रं लावलेलं रेडिओ भाषण आहे. पेंगणं तिथून येतं. आवाज बंद करून पाच मिनिटं बघितलं तरी हे कळतं. चांगल्या माहितीपटात आवाजाशिवायही काहीतरी घडत असतं, एखादी वस्तू, एखादा कागद, एखाद्याचे हात काही करत असतात.

उलटंही करा. पडद्याकडे पाठ करून पाच मिनिटं नुसतं ऐका आणि विशेषणं मोजा. "क्रूर", "अमानुष", "थोर", "द्रष्टा" ही विशेषणं पुराव्याच्या आधी येत असतील तर सावध राहायचं. पुरावा दाखवून झाल्यावर विशेषण आलं तर माझी हरकत नसते. बरेचदा तोवर त्याची गरजच संपलेली असते.

डाव्या बाजूबद्दल एक वेगळी भानगड आहे. पडद्यावर जे दिसतंय ते खरोखर त्या काळचं आणि त्या ठिकाणचं आहे का? यात माझंच एक जुनं पाप आहे. संकलनात नवा होतो तेव्हा प्लेगवरचाच एक छोटा माहितीपट माझ्याकडे होता. निवेदनात "१८९६ ची मुंबई" होतं आणि दाखवायला काहीच नव्हतं. मी जुन्या फुटेजमधून गजबजलेल्या रस्त्याचा एक सुंदर शॉट उचलून लावला. दिग्दर्शक खूश, निर्माता खूश. एका खासगी शोला बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका आले होते. संपल्यावर ते जवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "साहेब, तुमच्या त्या ट्रामच्या डोक्यावर दांडी होती. घोडे कुठे गेले?" मुंबईत विजेची ट्राम १९०७ ला आली, त्याआधी ट्राम घोडे ओढायचे. मी अकरा वर्षांचा घोळ केला होता, आणि तो शॉट मुंबईचा तरी होता की नाही कोण जाणे. त्या दिवसापासून मी जुना शॉट दिसला की आधी तारा, दिवे, पाट्या आणि टोप्या बघतो.

खरं तर तारखांवर जरा विचार केला असता तर काकांची गरजच पडली नसती. ल्युमिए बंधूंचे चित्रपट मुंबईत वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा दाखवले गेले ७ जुलै १८९६ ला. प्लेग ओळखला गेला त्याच वर्षी सप्टेंबरात. आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं १८९९ मध्ये. त्यामुळे १८९६ च्या प्लेगची हलती दृश्यं म्हणून कुणी काही दाखवत असेल, तर ती नंतरची, दुसऱ्या ठिकाणची किंवा नटांकडून करवून घेतलेली असण्याचीच शक्यता जास्त. करवून घेण्यात गैर काही नाही. कोपऱ्यात "नाट्यरूपांतर" अशी बारीक पाटी हवी, आणि खऱ्या छायाचित्राला उगाच ओरखडे मारून, धूर सोडून तेही त्याच पंगतीला बसवलेलं नसावं. श्रेयनामावली शेवटपर्यंत बघा. छायाचित्रं कुठून घेतली, संशोधन कुणी केलं, हे लिहिलेलं असतं. संशोधनाच्या नावाखाली एकही नाव नसेल आणि संगीताच्या नावाखाली नऊ असतील, तर काय ते समजा.

प्लेगची खरी छायाचित्रं मात्र भरपूर आहेत, आणि खूप चांगली आहेत. कॅप्टन सी. मॉस या लष्करी अधिकाऱ्यानं काढलेली छायाचित्रं "द बॉम्बे प्लेग व्हिजिटेशन" नावाच्या अल्बममध्ये आहेत. घर धुणारी माणसं, पंपाची पथकं, रुग्णालयातल्या खाटांच्या रांगा. दोन्ही माहितीपटांनी ही छायाचित्रं वापरली होती. पन्नास मिनिटांच्या माहितीपटात कॅमेरा त्यांच्यावरून हळूहळू सरकत होता आणि निवेदक सांगत होता की प्रशासन कसं अहोरात्र झटत होतं. दुसऱ्यात एका छायाचित्रावर कॅमेरा थांबला आणि निवेदिकेनं विचारलं की हे कुणी, कुणासाठी काढलं? काढलं होतं जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीचं काम दाखवण्यासाठी. त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यापुढे माणसांना बहुधा स्थिर उभं केलं जायचं, म्हणजे बरेच जण सांगितल्याप्रमाणे उभे राहिलेले आहेत. एवढं कळलं की तेच छायाचित्र वेगळं दिसायला लागतं. साहेब मध्यभागी का उभा आहे, आणि ज्यांचं घर आहे ती माणसं चौकटीच्या कडेला का आहेत, हे तुम्हीच शोधायला लागता. आमच्याकडे सातवीतल्या एका मुलीनं नेमकं हेच बोट दाखवून विचारलं होतं.

आता एकांगीपणाकडे येतो. दोन्ही बाजूंना सारखी मिनिटं देणं म्हणजे संतुलन, अशी समजूत आहे. ती अर्धीच बरोबर आहे. प्लेग पिसवांमुळे पसरतो की नाही, यावर आज दोन बाजू नाहीत. तिथे पाच मिनिटं याला आणि पाच मिनिटं त्याला देणारा माहितीपट भित्रा आहे, समतोल नाही. पण सरकारनं घरोघरी घेतलेल्या झडत्या योग्य होत्या का, लोक का चिडले, शहराला त्याची काय किंमत पडली, यावर बाजू आहेतच. तिथे मी बघतो की नाव कुणाला आहे आणि जमाव कोण आहे.

ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस आर्थर रोडच्या रुग्णालयावर सुमारे हजार गिरणी कामगार चाल करून गेले. चिंचपोकळीचं आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. पन्नास मिनिटांच्या माहितीपटात हा प्रसंग चाळीस सेकंदांचा होता: "अफवांना बळी पडलेल्या अशिक्षित जमावानं..." अफवा होत्याच, आणि भयंकर होत्या. पण त्या कामगाराच्या जागी उभं राहून बघा. आत गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक परत येत नाहीत. नातेवाइकांना जवळ फिरकू देत नाहीत. सोवळंओवळं, पडदा, मेल्यावरचे संस्कार, कशाचाच भरवसा नाही. आणि आत जाऊन तरी काय, प्लेगवर औषध तेव्हा कुणाकडेच नव्हतं. हल्ला बरोबर होता असं मी म्हणत नाही. पण ज्याला नाव नाही, बोलणं नाही आणि कारणही नाही, असा जमाव पडद्यावर दिसला की मी वहीत फुली मारतो.

आपल्या मराठी मंडळींचा एकांगीपणा वेगळ्या दिशेचा असतो, तेही सांगायला हवं. आपल्याकडे प्लेग म्हटला की थेट पुणे, रँड आणि २२ जून १८९७ ची रात्र. चापेकरांची कथा जबरदस्त आहे, पण ती पुण्याच्या झडत्यांची कथा आहे. मुंबईच्या प्लेगवरचा माहितीपट तासातली चाळीस मिनिटं गणेशखिंडीत घालवत असेल, तर त्याला मुंबईत रस नाही. त्याच वर्षी १० मार्चला पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनंच गेल्या. रँड असतो आणि सावित्रीबाई नसतात, असे माहितीपट मी मोजायचं सोडून दिलं आहे.

आणि आता माझा आवडता भाग, पिसवांचा. कोरडेपणावर याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर यर्सिननं ओळखला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हे १८९६ मध्ये मुंबईत कुणालाच ठाऊक नव्हतं. हवा, घाण, जमिनीतून निघणारी वाफ, ओल, धान्य, सगळ्यांवर संशय होता. म्हणून गटारांत पाणी आणि कार्बोलिक अॅसिड सोडलं, घरांच्या जमिनी खणल्या, ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं काढली, आणि राहण्यालायक नाहीत अशा घरांवर U.H.H. ही अक्षरं रंगवली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत एक साधा प्रयोग केला. मोठ्या काचेच्या बरणीत पिसवा असलेला प्लेगचा उंदीर ठेवला आणि त्याच्या जवळ, जाळीच्या पिंजऱ्यात, निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श नाही. काही दिवसांत दुसराही प्लेगनं मेला. मधून गेलं काय, तर पिसू. बहुतेकांनी हे उडवून लावलं.

मग मुंबईत ग्लेन लिस्टन हा डॉक्टर प्लेग झालेल्या चाळींमध्ये गिनीपिग सोडायला लागला. उंदीर मेले की त्यांच्या पिसवा भुकेल्या होऊन मिळेल त्या उबदार अंगावर जातात. गिनीपिग म्हणजे त्याचा चालता-बोलता पिसवांचा सापळा. त्यानंतर १९०५ पासून परळच्या आवारात मुद्दाम छोट्या खोल्या बांधून पद्धतशीर प्रयोग झाले. त्या खोल्यांत गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीला जवळजवळ टेकलेल्या पिंजऱ्यांतले मेले. पिसवाची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवरचे वाचले. हवा सगळ्यांना सारखीच होती.

हा प्रसंग ज्या माहितीपटात नीट दाखवलेला असेल तो कोरडा असूच शकत नाही. सव्वा तासाच्या माहितीपटानं तो फार साध्या पद्धतीनं केला होता. एक खोली, दोरीला टांगलेले दोन रिकामे पिंजरे, आणि जमिनीवर फूटपट्टी धरलेला एक हात. बस. पन्नास मिनिटांच्या माहितीपटात त्या जागी संगणकावर बनवलेला घोड्याएवढा पिसू होता. लाल डोळ्यांचा. पोरं "ईई" म्हणाली असती आणि विसरली असती. निवेदनात होतं, "अखेर शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की..." या "अखेर शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की" वर माझा राग आहे. दहा वर्षांची चूक, हट्ट आणि थट्टा त्या पाच-सहा शब्दांत गडप होते.

आणि या पिसवांमुळेच एकांगीपणाचा हिशोबही बदलतो, तो असा. जमिनी खणून आणि अॅसिड ओतून उंदीर मरतात त्याहून जास्त शेजारच्या घरात पळतात. पिसवा त्यांच्यासोबत जातात. म्हणजे सरकारचा सगळ्यात दिसणारा उपाय बऱ्याच वेळा रोग पुढे ढकलत होता. उलट, घरात उंदीर मरून पडायला लागले की घर सोडून बाहेर रानात झोपडी घालून राहणारी माणसं तेव्हा अडाणी ठरत होती, पण पिसवांच्या हिशोबानं त्यांचं बरोबर होतं. मात्र तीच माणसं बोचकी बांधून रेल्वेनं गावी जायला लागली तेव्हा कपड्यांतून, धान्यातून पिसवाही गेल्या आणि रोग गावोगाव पोचला. कुणीच पूर्ण शहाणं नाही, कुणीच पूर्ण मूर्ख नाही. कारण एवढंच की तेव्हा माहीत नव्हतं. माहितीपट १८९६ च्या माणसांना १९०६ मधल्या ज्ञानावरून हसतो आहे का, हे बघा. हसत असेल तर तो इतिहासातही नापास आणि विज्ञानातही.

या सगळ्यानंतर तुम्हाला वाटेल की सव्वा तासाचा माहितीपट निर्दोष होता. नव्हता. त्यात इम्प्रूव्हमेंट ट्रस्टवर फक्त तीन मिनिटं होती. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या या ट्रस्टनं गर्दीच्या वस्त्या पाडून रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती आखल्या. माहितीपटात त्याची नुसती वाहवा होती. पाडलेल्या चाळींतली माणसं कुठे गेली, नव्या भाड्याच्या घरात त्यांना परवडलं का, याबद्दल शब्द नाही. दादरच्या हॉलमध्ये हे गप्प बसून बघणं जरा अवघडच, कारण बसलेल्यांपैकी निम्मे त्याच वसाहतींत राहणारे. मी माहितीपट बदलला नाही. सुरू होण्याआधी दोन मिनिटांत एवढंच सांगितलं की शेवटाकडे ट्रस्टचा भाग येईल, तो बघताना पाडलेल्या घरांतल्या लोकांचं काय झालं असेल ते मनात ठेवा. नंतर लालबागहून आलेल्या एका आजोबांनी त्यांच्या आज्याच्या दोन खोल्यांची गोष्ट सांगितली आणि चहा गार झाला.

वाद झाला का? झाला. पण तुमच्याकडे झाला तसा नाही. तुमच्याकडे माहितीपटानं निकाल आधीच दिला होता, त्यामुळे लोकांना निकालाच्या बाजूनं किंवा विरुद्ध उभं राहण्यावाचून पर्याय नव्हता. आमच्याकडे दोघं तुरुंगातल्या चाचणीवर भांडले, कैद्याची संमती ही संमती असते का यावर. एकजण म्हणाला, बारा विरुद्ध दोन हे आकडे तेवढ्या लहान गटात योगायोगानंही येतील. आकडेमोड करणाऱ्या एका बाईंनी तिथल्या तिथे मोबाइलवर हिशोब करून सांगितलं की योगायोग म्हणायला जरा जास्तच आहे, पण कुणी आपणहून लस घेतली आणि कुणी नाही यात फरक असू शकतो, तो हिशोबात येत नाही. मला तर वाटतं त्या दिवशी सगळ्यात चांगलं विज्ञान त्या चहाच्या टेबलाशी झालं.

लांबीबद्दल एकच. मुलं आणि म्हातारी माणसं एकत्र असतील तर पन्नास मिनिटांच्या वर एका बैठकीत जाऊ नका. सव्वा तासाचा माहितीपट मी मुलकोवालच्या आधी तोडला आणि पंधरा मिनिटं मध्यंतर ठेवलं. चहा घेताना सगळे विचारत होते, पुढे हाफकिनचं काय होतं? संकलक म्हणून मला असा कापलेला माहितीपट बघवत नाही, पण तेव्हा मी संकलक नव्हतो.

तुमच्या पुढच्या महिन्यासाठी विषय ठरला असेल तर तो मला कळवा. नाहीतर प्लेगच घ्या. मुलुंडहून परळ लोकलनं फार लांब नाही. आदल्या रविवारी मुलांना आचार्य दोंदे मार्गावरून हाफकिनच्या फाटकापर्यंत चालवत न्या, फाटकावरचं नाव वाचून दाखवा, आणि हे कुणाचं नाव आहे ते माहितीपट लागेपर्यंत सांगू नका.